खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी शुश्रूषा : परिचारिकेचा स्वतंत्र व्यवसाय

पावसाळ्यात शेणामातीच्या ओल्या अंगणात म्हातारी माणसे घसरतात आणि खुब्याचे हाड मोडते. ऑपरेशन होते, पाचसहा दिवसांत रुग्ण घरी येतो. नेमकी तेव्हा रोपलावणी चालू असते आणि घरातली सर्व माणसे शेतात असतात. आपल्या भागातील ज्या भगिनींनी परिचारिकेचे शिक्षण घेऊन नोंदणी केली आहे, त्यांना येथे स्वतःचा व्यवसाय करता येतो. तो कसा करावा, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, सत्तर वर्षांच्या आजींच्या खुब्यात कृत्रिम गोळा बसवला आहे आणि सहाव्या दिवशी त्या घरी आल्या. पहिल्या भेटीत परिचारिकेने प्रथम डिस्चार्ज कार्ड वाचावे. कोणते इंजेक्शन, किती दिवस, पायावर किती भार द्यायचा, टाके केव्हा काढायचे, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. नसल्यास सर्जनकडून लिहून आणावे. लेखी आदेशाशिवाय एकही इंजेक्शन देऊ नये. केवळ अनुभवावर काम करणाऱ्या मदतनिसांनी तर इंजेक्शन मुळीच देऊ नये. अंघोळ, कूस बदलणे, चालताना आधार देणे हे त्यांचे काम.

अशा रुग्णाला बहुधा रक्त गोठू नये म्हणून एनॉक्सापॅरिनचे इंजेक्शन रोज एकदा, सुमारे चार आठवडे असते. ते रोज ठरलेल्या वेळी, बेंबीपासून चार बोटे दूर, पोटाची कातडी चिमटीत धरून द्यावे. भरून आलेल्या सिरिंजमधील हवेचा बुडबुडा काढू नये आणि सुई काढल्यावर ती जागा चोळू नये. चोळल्यास तेथे काळेनिळे होते. रोज बाजू बदलावी. वापरलेली सुई जाड डब्यात टाकावी आणि तो डबा रुग्णालयात परत द्यावा.

जखमेवरील पट्टी कोरडी असेल तर ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उघडू नये. रोज मलमपट्टी केली म्हणजे चांगली सेवा झाली, अशी घरच्यांची समजूत असते. पण प्रत्येक वेळी उघडताना जंतू आत जाण्याची वाट मोकळी होते. पट्टी भिजली, वास आला, भोवतीची लाली पसरू लागली किंवा ताप १००.४ अंशांच्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

रोज दोन्ही पोटऱ्या टेपने एकाच उंचीवर मोजाव्यात. ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज असतेच. परंतु पोटरी कालपेक्षा जाड, गरम आणि दुखरी झाली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी घरचे लोक तेल लावून पाय चोळू लागतात. त्यांना थांबवावे, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर फोन करत न बसता रुग्णालय गाठावे.

टाच व माकडहाडावरची कातडीही पाहावी. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका होत नसेल, तर शय्याव्रणाची ती सुरुवात आहे. दर दोन तासांनी, सर्जनने सांगितलेल्या पद्धतीने, कूस बदलण्याचे काम घरच्यांना वाटून द्यावे. आजींना जमिनीवर वा पाटावर बसवू नये. कमोडची खुर्ची आणवावी.

आता मोबदला. सहाव्या दिवसापासून टाके निघेपर्यंत, म्हणजे चौदाव्या दिवसापर्यंत, रोज दोन भेटी धरल्या तर अठरा होतात. पुढे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत रोज एक, म्हणजे चौदा. एकूण बत्तीस. उदाहरणादाखल भेटीचे ३०० रुपये धरले तर ९,६०० रुपये होतात. जाण्यायेण्याचे भेटीमागे ३० रुपये, म्हणजे ९६० रुपये. हातमोजे, साबण, वही यांचे ६४०. उरले ८,०००. प्रवास धरून एका भेटीला सव्वा तास लागत असेल, तर चाळीस तासांचे हे काम आहे. तासाला २०० रुपये पडले. दर ठरवताना प्रवासाचा वेळ विसरला, तर हा व्यवसाय तोट्यात जातो. औषधे व पट्ट्या घरच्यांनी दुकानातून पावतीसह आणाव्यात आणि आपले पैसे दर आठवड्याला घ्यावेत. सुगीनंतर देऊ, असे म्हणणाऱ्या घराशी ते पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे.

प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, ताप, नाडी, पोटरीचे माप, पट्टीची स्थिती आणि इंजेक्शनची बाजू वहीत लिहून सही करावी. वही रुग्णाच्या उशाशी ठेवावी. टाके काढताना सर्जन ती वही वाचतील, आणि पुढचा रुग्ण कोणाकडे सोपवायचा, हे त्यांना त्यातूनच कळेल.