ठसका थांबला म्हणजे बरं झालं असं नाही

लकवा डाव्या अंगाला आणि न्यूमोनिया उजव्या फुफ्फुसाला, हे काय गौडबंगाल आहे, असं आमच्या चुलत सासऱ्यांनी मला चारचौघांत विचारलं. सूर असा, की मधे सुनेनंच काहीतरी केलं असणार. तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, आणि ते त्यांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

मामा, म्हणजे माझे सासरे, नांदेडच्या एका खासगी दवाखान्यातून शिरडला घरी आले तेव्हा शुद्धीवर होते, बोलत होते. डावा हात-पाय लुळा, तोंड जरा वाकडं. नाकातली नळी सकाळी काढली आणि दुपारी सुट्टी दिली. खायला काय द्यायचं, असं मी दोनदा विचारलं. ‘पातळ द्या, हळूहळू नेहमीचं सुरू करा,’ एवढंच उत्तर. फाईलमध्ये बीपीची गोळी होती, रक्त पातळ करायची गोळी होती, व्यायाम घेणाऱ्याचा नंबरसुद्धा होता. गिळण्याबद्दल एक ओळ नव्हती. लकव्याच्या पहिल्या दिवसांत जवळजवळ निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो, आणि म्हणून तोंडानं काही देण्याआधी गिळणं तपासायचं असतं, हे मला फार नंतर कळलं. ‘पातळ द्या’ हा सल्ला तर नेमका उलटा होता.

आपण घोट गिळतो तेव्हा श्वास क्षणभर थांबतो, घशातली घाटी वर उचलली जाते, श्वासनलिकेच्या तोंडावरचं झाकण मिटतं आणि त्याखाली स्वरयंत्राच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात. हे सगळं सेकंदभरात. लकव्यात मेंदूचा हुकूम उशिरा पोचतो. घट्ट घास जिभेवर थोडा रेंगाळतो, त्याला उशीर चालतो. पाणी, चहा, ताक मात्र थांबत नाही. दार मिटायच्या आत ते खाली उतरतं, आणि तिथं अन्ननलिकेच्या पुढ्यात श्वासनलिका उघडी असते.

सुरुवातीला मामांना चहाला ठसका लागायचा. मी दवाखान्यात फोन केला. ‘सवय होईल’ म्हणाले. आणि खरंच, काही दिवसांनी ठसका कमी झाला. घरात सगळे खूश. मोठ्या वन्संनी तर औंढ्याला जाऊन नागनाथाला नारळ फोडला. मला मात्र मामांचा आवाज खटकत होता. चहा प्यायल्यावर ते बोलायचे ते घशात पाणी खुळखुळल्यासारखं. मी हे सांगितलं तर ‘तुला उगीच शंका’ असं उत्तर मिळालं.

मग संध्याकाळी कणकण, धाप, जेवणावरून मन उडालेलं. वसमतला एक्स-रे काढला, उजवीकडे खाली पांढरा डाग. न्यूमोनिया म्हणून इंजेक्शनं झाली, ताप उतरला. काही आठवड्यांनी काढलेला एक्स-रे स्वच्छ आला. तो मी जपून ठेवला. घरातल्या पुरुषमंडळींना त्यात काही अर्थ वाटला नव्हता.

याच काळात भेटीला येणाऱ्यांची रीघ लागली. आमचा भाग हळदीचा, त्यामुळे कफ म्हटला की हळदीचं दूध. प्रत्येक घरून हळदीची पुडी आली आणि प्रत्येकानं ते दूध आपल्या हातानं पाजायचा हट्ट धरला, तेही मामा उशीवर आडवे असताना. त्यांना उठवून बसवू म्हटलं, तर ‘दुखण्याईताला कशाला तरास द्यायलीस?’ पाणी चमच्यानं, थांबून द्या म्हटलं, तर माझ्याच पाठीमागे बोलणं सुरू, ‘म्हाताऱ्याला पाण्यावाचून मारायली ही.’ हे वाक्य मी विसरणार नाही.

दुसऱ्यांदा मामांना ताप आला तो नुसता बारीकच. पण ते गुंगीत होते, मिनिटाला तीसच्या आसपास श्वास चालला होता. म्हाताऱ्या माणसांत न्यूमोनिया असाच येतो. ताप नसला तरी श्वास वाढतो आणि माणूस बरळायला लागतो. पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी बघितलं न बघितलं आणि म्हणाले, ‘जुनाच डाग आहे, वय झालं आता, शिवाय टीबी बघून घ्या.’ थुंकीची तपासणी टीबी नाही म्हणाली. मी घरी येऊन तिन्ही फिल्म खिडकीला लावल्या. पहिलीत उजवीकडे खाली डाग. मधली स्वच्छ. तिसरीत पुन्हा उजवीकडे, पुन्हा खाली. न्यूमोनियाचा डाग निवळायला कधी कधी सहा आठवडेसुद्धा लागतात, त्यामुळे ‘जुनाच’ हे एरवी बरोबर ठरलं असतं. पण मधली फिल्म स्वच्छ होती. म्हणजे काहीतरी नव्यानं, वरून, त्याच जागी पडत होतं. त्या क्षणी मला ते खुळखुळणं आठवलं आणि अंगावर काटा आला.

नांदेडला या वेळी दुसऱ्या दवाखान्यात गेलो. आजार आटोक्यात आल्यावर तिथं स्पीच थेरपिस्ट म्हणून एक तरुण मुलगी आली. चुलत सासरे कुजबुजले, ‘बोलता येतं की यांना, हिचं काय काम?’ तिनं मामांना ताठ बसवलं, तोंडात बोटानं चाचपलं, तर डाव्या गालात सकाळचा भात तसाच साठलेला. तो काढला, दात-जीभ पुसली. मग एक चमचा पाणी दिलं, घाटीवर दोन बोटं ठेवली, आणि म्हणाली, ‘आजोबा, आ करा.’ आवाज ओला, खुळखुळता. ठसका मात्र नाही. मग चमचाभर घट्ट दही दिलं. ‘आ.’ आवाज कोरडा, स्वच्छ. एवढ्यानं माझं म्हणणं सगळ्यांसमोर खरं ठरलं. पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून हिरवा रंग मिसळलेलं पाणी प्यायला दिलं. ते स्वरयंत्राच्या पट्ट्यांखाली उतरताना आम्ही पडद्यावर पाहिलं, आणि मामा शांत बसलेले. लकव्यानं घशाची जाणीवच बोथट केली होती. ठसका थांबला होता तो म्हणून.

आता उजवीकडेच का? शरीराची कोणती बाजू लुळी आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. श्वासनलिका छातीत उतरून दुभंगते. डाव्या बाजूला हृदय आणि मोठी रक्तवाहिनी आडवी येत असल्यानं डाव्या नळीला बरंच वळून जावं लागतं. ती अरुंद आणि सुमारे पाच सेंटिमीटर लांब असते. उजवी त्याच्या निम्मी, अडीच सेंटिमीटरच्या आसपास, अधिक रुंद आणि जवळपास सरळ खाली. कालव्याचं पाणी सोडलं की ते सरळ उताराच्या चारीत आधी घुसतं, तसं हे आहे. बसलेल्या माणसात श्वासनलिकेत उतरलेलं उजव्या फुफ्फुसाच्या अगदी तळाशी जातं. उताण्या माणसात तळाच्या कप्प्याचा वरचा भाग आणि वरच्या कप्प्याची पाठीमागची बाजू सापडते. डाव्या कुशीवर असेल तर डावीकडेही जाऊ शकतं. त्यामुळे डाग डावीकडे आला म्हणून गिळण्यावरचा संशय सोडू नये; पण उजव्या तळाशी पुन्हा पुन्हा आला तर तो संशय आधी घ्यावा.

नाकात पुन्हा नळी घातली की सुटलो, असं दिरांचं मत होतं. नळीनं पोट भरतं, लाळ थांबत नाही. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, ती गिळावीच लागते, शिवाय पोटातलं वर येऊ शकतं. धडधाकट माणसाच्याही छातीत झोपेत थोडी लाळ उतरते, पण तो खोकून काढतो. खरं विष आहे ते न घासलेल्या तोंडातले जंतू. जपानमध्ये वृद्धाश्रमांत तोंडाची नियमित सफाई केल्यावर न्यूमोनिया कमी झाल्याचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. मी मामांचे दात जेवणाआधी आणि रात्री मऊ ब्रशनं घासते, पेस्ट अगदी कमी, कवळी रात्री काढून ठेवते. घरातल्या इतर कुणी आजवर ब्रश हातात घेतलेला नाही, हेही नोंदवते.

जेवणाचं म्हणाल तर ताठ बसवून द्यावं आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नये, हे सगळेच सांगतात. जे कुणी सांगत नाही ते असं. वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकरी हे मऊ म्हणून देतात, पण त्यात घास आणि पाणी वेगवेगळं होतं, पाणी आधी पळतं. एकजीव घोटलेलं द्यावं, नाहीतर नुसतं घट्ट. ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज चांगली, पण तोंडात घातलेला चमचा पुन्हा वाटीत बुडवला की लाळेनं ती वाटी बघता बघता पातळ होते. म्हणून थोडी वेगळी काढून द्यावी. आइस्क्रीम तोंडात वितळून पाणीच होतं. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणं मामांना लागू पडलं; सगळ्यांना पडत नाही, ते तपासणाऱ्यानंच ठरवावं. पाणी-चहा घट्ट करून दिल्यानं न्यूमोनिया टळेलच अशी हमी कुणी देत नाही. शिवाय घट्ट असलं की माणूस कमी पितो, म्हणून लघवी पिवळी, कमी होतेय का ते रोज बघावं लागतं. गुंगीत असलेल्याच्या तोंडात गंगाजल, चहा, औषध काहीही ओतू नये. श्वास भरभर चालला, ओठ निळसर झाले तर १०८ ला फोन करावा.

आणि दवाखान्यातून निघताना डॉक्टरांना विचारा, गिळणं कुणी तपासलं, कशानं तपासलं, काय द्यायचं. ते सुट्टीच्या कागदावर लिहून घ्या. लिहून देत नसतील तर स्पीच थेरपिस्टला बोलवा म्हणून तिथंच बसून राहा. नातेवाईक नावं ठेवतील, ठेवू द्या.