वटमुखत्यारपत्र म्हणजे खरेदीखत नव्हे



ऊस नोंदीच्या दिवसांत आमच्या शेतकी विभागाकडे नाना तऱ्हेचे कागद येतात. नोंद घेताना आम्ही सात-बारा पाहतो. त्यावरचे नाव आणि नोंद मागणाऱ्याचे नाव जुळले नाही, की पुढची चौकशी सुरू होते. अशा चौकशीत अलीकडे एक उत्तर फार वेळा ऐकू येते, "साहेब, जमीन मी घेतलीय. सात-बारा अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे, पण माझ्याकडं वटमुखत्यार आहे." या एका वाक्यात मोठा घोटाळा दडलेला आहे, म्हणून यावेळी खतपाणी बाजूला ठेवून या कागदाविषयी लिहीत आहोत.

पहिल्यांदा एक घडलेली हकिगत सांगतो. गाव आणि नावे मुद्दामच देत नाही.

आमच्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाने चार वर्षांपूर्वी शेजारचे १ एकर १० गुंठे रान १२ लाख रुपयांना घेतले. मूळ मालक मुंबईला राहणारे. व्यवहार विश्वासाचा. खरेदीखत केले तर मुद्रांकाचे आणि नोंदणीचे पैसे जातील, शिवाय मालकांना पुन्हा गावी यावे लागेल, म्हणून मधल्या माणसाने तोड सुचविली. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर साठेखत लिहिले, ते नोंदविले नाही. सोबत खरेदी घेणाऱ्याच्याच नावाने वटमुखत्यारपत्र केले, त्यावर नोटरीचा शिक्का घेतला. रानाचा ताबा मिळाला. पाइपलाइन झाली, को ८६०३२ ची लागण झाली, एक खोडवाही गेला. सगळे सुरळीत होते.

मग मुंबईचे मालक वारले. त्यांच्या मुलांनी तलाठ्याकडे वारस नोंद केली, सात-बारावर त्यांची नावे आली, आणि त्यांनी कारखान्याला लेखी कळविले की या गटातील उसाचे बिल दुसऱ्या कोणाला देऊ नये. आमचे सभासद कागदांची पिशवी घेऊन गट ऑफिसला आले. "पैसे मोजून दिलेत, कागद हाय की माझ्याकडं!" असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. कागद होते हे खरेच. पण त्यातला एकही कागद त्यांना मालक करणारा नव्हता.

हा कागद करतो काय?

मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने काम करण्यासाठी दुसऱ्या माणसाला दिलेला अधिकार. एखादे थोरले बंधू नोकरीनिमित्त पुण्याला आहेत, त्यांना त्यांच्या वाट्याचे रान विकायचे आहे, पण यायला जमत नाही. ते धाकट्या भावाला मुखत्यार नेमतात. धाकटा भाऊ दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन खरेदीखतावर "अमुक यांचे तर्फे मुखत्यार" म्हणून सही करतो. सही धाकट्याची, पण विकणारा थोरलाच. आलेले पैसेही थोरल्याचेच, आणि धाकट्याने त्याचा हिशेब दिला पाहिजे. म्हणजे मुखत्यार हा मालकाचा हात आहे, मालक नव्हे. बैल दुसऱ्याच्या हाती बाजारात पाठविला म्हणून बैल त्याचा होत नाही, तसेच हे आहे.

मालकी बदलते ती कशाने? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते की, १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. शंभर रुपयांत आज बांधसुद्धा मिळत नाही, तेव्हा कोणत्याही जमिनीला नोंदणीकृत खरेदीखत हवेच. तेच कलम असेही म्हणते की, नुसत्या साठेखताने मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. साठेखत हा पुढे खरेदी देण्याचा करार आहे, खरेदी नव्हे.

मग साठेखत आणि मुखत्यारपत्र एकत्र केले, जोडीला मृत्युपत्रही घेतले, तर? हीच पद्धत देशात ठिकठिकाणी रूढ झाली होती. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात आला आणि ११ ऑक्टोबर २०११ रोजी निकाल झाला. अशा कागदांनी मालकी जात नाही, ती नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. मात्र घरच्या माणसाला खरोखरीच्या कामासाठी दिलेले मुखत्यारपत्र या निकालाने रद्द होत नाही, हेही सांगितले. वर सांगितलेला धाकटा भाऊ योग्यच काम करीत आहे. चूक आहे ती मुखत्यारपत्रालाच खरेदीखत समजण्यात.

मालक गेला की अधिकार गेला

या कागदाची सर्वांत मोठी मर्यादा हीच. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणारा वारला किंवा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, तर मुखत्यारी संपते. मुखत्यार वारला तरीही संपते. मालकाला ती हयातीत रद्दही करता येते. आमच्या सभासदाला मालकांच्या निधनानंतर त्या वटमुखत्यारावर स्वतःच्या नावे खरेदीखत करून घेता आले असते का? नाही. ज्याच्या वतीने सही करायची तोच नाही, तर सही कोणाची?

येथे कोणी म्हणेल, "आमच्या कागदात 'रद्द न होणारे' असे लिहिलेय." त्याचेही उत्तर आहे. कलम २०२ मध्ये एक अपवाद आहे. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत असेल, तर तो अधिकार सहजी संपत नाही. कायद्याने उदाहरण दिले आहे ते असे : एकाने दुसऱ्याला आपली जमीन विकून त्या पैशातून स्वतःचे येणे वसूल करण्याचा अधिकार दिला, तर तो देणाऱ्याच्या मृत्यूनेही संपत नाही. पण हा अपवाद व्यवहाराच्या स्वरूपावर ठरतो, कागदाच्या मथळ्यावर नाही.

बंगळूरच्या एका जागेचा खटला याबाबत पाहण्यासारखा आहे. मालकाने १९८६ साली एका बाईंना मुखत्यारपत्र व विनानोंदणीचे साठेखत करून दिले. मालक १९९७ साली वारले. १९९८ साली त्या बाईंनी मुखत्यार म्हणून आपल्याच मुलाला नोंदणीकृत खरेदीखत करून दिले. पुढे मालकाच्या वारसांनीही तीच जागा दुसऱ्याला विकली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ठरविले की, मालकाच्या मृत्यूबरोबर मुखत्यारी संपली होती, म्हणून १९९८ च्या खरेदीखताने मुलाला मालकी मिळाली नाही. पुढचे खरेदीखत नोंदलेले असूनही टिकले नाही, कारण सही करण्याचा अधिकारच उरला नव्हता. १९८६ च्या कागदाचा निकाल लागायला जवळजवळ ३९ वर्षे गेली.

जेवढे लिहिले तेवढेच

दुसरी मर्यादा मजकुराची. मुखत्यारपत्र काटेकोर वाचले जाते. "जमिनीची वहिवाट पाहावी, कोर्टकचेरीची कामे पाहावीत" एवढेच लिहिले असेल, तर त्यावर विक्री करता येत नाही. विक्रीचा अधिकार असला म्हणून बक्षीसपत्र करता येत नाही. विक्रीसाठी मुखत्यार नेमताना गट नंबर, क्षेत्र, खरेदीखतावर सही करणे, ते नोंदणीस हजर करणे आणि पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे, हे सारे स्पष्ट लिहावे. मालकाजवळ जेवढा हक्क आहे तेवढाच मुखत्याराला मिळतो. चार भावांच्या सामाईक गटात एकाने दिलेल्या मुखत्यारीवर चौघांचे रान विकता येत नाही.

नोटरीच्या शिक्क्याचाही गैरसमज आहे. नोटरीपुढे सही झाली म्हणून मुखत्यारपत्र खरेदीखत होत नाही. नोंदविलेले मुखत्यारपत्रसुद्धा मुखत्यारपत्रच राहते. भारतात राहणाऱ्या मालकाने दुसऱ्याकरवी दस्त नोंदणीस हजर करायचा असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे मुखत्यारपत्र तो राहतो तेथील निबंधक किंवा दुय्यम निबंधकापुढे साक्षांकित केलेले लागते. मालक परदेशी असेल तर तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलातीपुढे ते करता येते.

"ताबा माझा आहे ना!"

ताबा असला म्हणजे मालकी आली, असे नाही. साठेखतावर ताबा घेणाऱ्याला कलम ५३ अ खाली थोडे संरक्षण आहे, पण २००१ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी साठेखत नोंदविलेले लागते. आमच्या सभासदाचे ते नोंदविलेले नव्हते. आणि हे संरक्षण मिळाले तरी ती ढाल आहे, मालकी नव्हे. त्या जोरावर सात-बारावर नाव चढत नाही.

आता करायचे काय?

ज्यांनी असा व्यवहार केला आहे आणि मूळ मालक हयात आहेत, त्यांनी येत्या आठवड्यात मालकांना भेटावे. मुद्रांकाचे पैसे भरून त्यांच्याच सहीने खरेदीखत नोंदवून घ्यावे आणि ते तलाठ्याकडे देऊन फेरफार करून घ्यावा. आज वाचलेला मुद्रांक उद्या वकिलाच्या फीत जातो.

मालक वारले असतील, तर वारसांशी बोलून त्या सर्वांच्या सहीने खरेदीखत करावे. ते नकार देतील, तर साठेखताच्या आधारे करार पुरा करून मिळण्याचा दावा लावता येतो. त्याची मुदत ३ वर्षांची असते. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. म्हणून नकाराचे पत्र आले की ते खिशात घालून बसू नये, वकिलाकडे जावे.

आणि जे मुखत्याराकडून नव्याने जमीन घेणार आहेत, त्यांनी मूळ मुखत्यारपत्र पाहावे, झेरॉक्सवर भागवू नये. मालक हयात असून मुखत्यारी रद्द झालेली नाही, असे घोषणापत्र मुखत्याराला दस्तासोबत द्यावे लागते. तरी त्यावर विसंबू नये. खरेदीखताच्या दिवशी स्वतः मालकांशी बोलून खात्री करावी. पैसे मालकाच्याच बँक खात्यात भरावेत.

आमचे ते सभासद सुदैवी निघाले. मुंबईचे वारस चार बैठकांनंतर खरेदी द्यायला तयार झाले, पण वरचे अडीच लाख घेऊन. शिवाय मुद्रांक भरावा लागलाच. ज्या खर्चासाठी चार वर्षांपूर्वी खरेदीखत टाळले, तो खर्च झालाच, वर अडीच लाख गेले, आणि त्या हंगामाचे उसाचे बिल वाद मिटेपर्यंत अडकून पडले ते वेगळेच.

तेव्हा पुढच्या नोंदीला येताना आपल्या पिशवीतला कागद एकदा उलगडून वाचा. मथळ्यावर "खरेदीखत" आहे की "मुखत्यारपत्र", तेवढे आधी पाहा.

— ऊस विकास अधिकारी