दोन हजारांसाठी रिकामा पडलेला फ्लॅट

कर्वेनगरात माझा एक टू बीएचके फ्लॅट आहे. तीन वर्षांपूर्वी त्यात एक तरुण जोडपं भाड्याने राहत होतं. भाडं 26,000 रुपये, तेही दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत खात्यावर जमा. करार ऑक्टोबरअखेर संपणार होता, म्हणून दसऱ्याच्या सुमारास मी फोन करून सांगितलं, की नव्या करारात 28,000 धरूया. तो म्हणाला, "काकू, यंदा वाढ नाही केलीत तर बरं होईल. हिची नोकरी सुटली आहे, आम्हाला जरा ओढाताण होते आहे." मी म्हटलं, "अहो, आमच्याच सोसायटीत बी विंगमध्ये 28,000 चाललं आहे. मी तरी किती कमी करणार?" चार दिवसांनी त्याचा निरोप आला, की त्यांनी वारज्यात घर पाहिलं आहे.

बी विंगच्या ज्या फ्लॅटचा मी हवाला दिला होता तो ऑगस्टपासून रिकामाच होता, हे मला नंतर वॉचमनकडून कळलं. 28,000 हा त्याच्या जाहिरातीतला आकडा होता. त्या भाड्याने तिथे कोणी राहायला आलेलं नव्हतं. परिसरातलं भाडं ठरवायचं तर ते नुकत्याच झालेल्या करारांवरून ठरवावं, आणि त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना किंवा गेल्या दोन महिन्यांत घर बदललेल्या माणसाला विचारावं. जाहिरातीवर विसंबू नये.

एक नोव्हेंबरला मी फ्लॅट उघडला. सोफा जिथे होता तिथे भिंतीवर काळपट पट्टा उमटला होता. बाल्कनीच्या दाराखालचा गिलावा ओलीने फुगला होता, बोट लावलं की भुकटी पडत होती. एजंट म्हणाला, असं घर दाखवलं तर पार्टी दारातूनच परत जाईल. दिवाळीमुळे रंगारी आठवडाभर मिळाला नाही. मग पुट्टी, प्रायमर, दोन हात, अशात बारा दिवस गेले. रंग झाला तोवर नोव्हेंबर संपत आला होता. पुण्यात घर शोधणाऱ्यांची गर्दी असते ती जून-जुलैत, कॉलेजं सुरू होताना. डिसेंबरात आठवड्याला एखादं माणूस घर बघायला यायचं. शेवटी 27,500 वर तडजोड झाली आणि नवे भाडेकरू 10 जानेवारीला राहायला आले.

त्या रात्री मी वही काढून दोन वाटा शेजारी-शेजारी मांडल्या. एका पानावर, 26,000 ला हो म्हटलं असतं तर काय झालं असतं ते. दुसऱ्यावर, प्रत्यक्षात काय झालं ते. दोन्हीकडे तेच अकरा महिने, नोव्हेंबर ते सप्टेंबर.

पहिली वाट सोपी होती. 26,000 गुणिले अकरा म्हणजे 2,86,000. दुसऱ्या वाटेवर जानेवारीचे बावीस दिवस आणि पुढचे आठ महिने 27,500 प्रमाणे, असे साधारण 2,39,500 येणार होते. त्यातून एजंटला एक महिन्याचं भाडं, 27,500. रंगाला 38,000. नळ, गळती, दोन स्विच आणि साफसफाई यांचे 7,500. रंगाऱ्यांनी वापरलेली वीज आणि मीटरचा स्थिर आकार मिळून 900. हातात उरणार 1,65,600. म्हणजे नुकसान 1,20,000 च्या थोडं वर.

हा आकडा घेऊन मी आमच्या दिरांकडे गेले. ते बँकेत कर्जविभागात होते. त्यांनी वही वाचली आणि सांगितलं, "वहिनी, आकडा फुगलाय. रंग काय फक्त भाडेकरू गेला म्हणून द्यावा लागला?" त्यांचं बरोबर होतं. घराला आधीचा रंग तीन वर्षांपूर्वी दिला होता. भाड्याच्या घरात रंग पाचेक वर्षं टिकतो असं धरलं, तर आणखी दोन वर्षांनी तो खर्च यायचाच होता. मी तो दोन वर्षं आधी केला, म्हणून रंगाच्या बिलाचे दोन पंचमांश, म्हणजे 15,200 एवढेच घर रिकामं झाल्याच्या खात्यावर पडतात. रंग नुकताच, सहा महिन्यांपूर्वी दिलेला असता, तर जवळजवळ सगळं बिल या खात्यावर पडलं असतं. उलट सहा वर्षं जुना असता तर काहीच नाही. गीझरच्या कॉइलचे 3,500 मी आधीच बाजूला ठेवले होते, कारण कॉइल भाडेकरू असतानाच गेली होती आणि तो राहिला असता तरी ती मलाच बदलून द्यावी लागली असती.

याच कसोटीवर आणखी दोन गोष्टी गळतात. कराराच्या नोंदणीचा खर्च मी आधी धरला होता, पण जुना भाडेकरू राहिला तरी नवा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी दोन्ही वाटांवर जवळपास सारखीच. माझं भाडं मेंटेनन्स धरून असतं, म्हणून सोसायटीचं बिलही दोन्हीकडे माझंच. गृहकर्जाचा हप्ता तर बरेच घरमालक सगळ्यात आधी लिहितात, कारण रिकाम्या घराचा हप्ता भरताना जीव तुटतो. पण हप्ता भाडेकरू असतानाही जातोच. रिकामेपणामुळे जे बुडतं ते भाडं, आणि ते एकदा धरलं की हप्ता पुन्हा धरायचा नाही. तसंच रंगकामाचे बारा दिवस रिकाम्या सत्तर दिवसांच्या आतच येतात. त्यांचं भाडं वेगळं मोजलं तर तेच नुकसान दोनदा लिहिल्यासारखं होतं.

रंगाचा हिशेब दुरुस्त केल्यावर नुकसान 97,500 च्या आसपास आलं. दिरांचं पुढचं वाक्य मला अजून आठवतं, "आता हे दीड हजाराने भरून काढायचंय." नवा भाडेकरू जुन्यापेक्षा महिन्याला 1,500 जास्त देत होता. या वेगाने खड्डा भरायला पासष्ट महिने लागतात, पाच वर्षांहून जास्त. तेवढ्यात भाडेकरू किमान दोनदा तरी बदलतो.

हे झालं घडून गेल्यावरचं गणित. खरी गरज असते ती फोन उचलण्याआधी, जेव्हा भाडेकरू जाईल की राहील हे माहीत नसतं. तेव्हा मी आता असं करते. माझ्याच त्या ऑक्टोबरचं उदाहरण घेऊ. तो गेला तर घर दीड महिना रिकामं राहील, असा अंदाज. 28,000 प्रमाणे 42,000. एजंटचे 28,000. रंगाचा वाटा 15,000. किरकोळ 8,000. एकूण 93,000. दुसरीकडे त्याने मागितलेली सूट महिन्याला 2,000, अकरा महिन्यांचे 22,000. सूट ही नक्की जाणारी रक्कम आहे, कारण भाडेकरू वाढ देऊनही राहिला असता तरी ती मी सोडलेली असते. घर रिकामं होण्याचा खर्च मात्र तो गेला तरच. म्हणून 22,000 ला 93,000 ने भागायचं. उत्तर पाव भागाहून थोडं कमी येतं. याचा अर्थ, वाढ मागितल्यावर तो जाण्याची शक्यता चारात एक किंवा जास्त असेल तर सूट देणं फायद्याचं. ज्याच्या बायकोची नोकरी सुटली आहे आणि ज्याने स्वतःहून ओढाताण बोलून दाखवली आहे, त्याची शक्यता निम्म्याहून कमी नव्हतीच. ते मला त्याच्या आवाजावरून कळायला हवं होतं.

सूट किती द्यावी हेही यातूनच निघतं. एकूण खर्च गुणिले जाण्याची शक्यता, भागिले कराराचे महिने. निम्मी शक्यता धरली तर 46,500 भागिले अकरा, म्हणजे महिन्याला 4,200 च्या वर सूट नको. दिरांच्या बाणेरच्या फ्लॅटला हे लगेच लागू पडलं. तिथला भाडेकरू लॉकडाऊनपासून 20,000 वर होता आणि शेजारचे करार 27,000 ला होत होते. सात हजारांची सूट म्हणजे अकरा महिन्यांचे 77,000, तेही दर करारात, कारण पुढची वाढ त्याच कमी आकड्यावर चढते. त्यांच्या घराचा बदलीचा खर्च 90,000 धरून निम्म्या शक्यतेने 45,000 च होतो. चांगला माणूस हातचा जाईल या भीतीने ते गप्प बसले होते. त्यांनी 25,000 मागितले, 24,000 वर जमलं. भाडेकरू राहिला.

आणखी एक गोष्ट आयकराची. घरभाड्यावर 30 टक्के प्रमाणित वजावट सरसकट मिळते, मग तुम्ही रंग द्या की न द्या. दलाली आणि रंग यांची वेगळी वजावट नाही. त्यामुळे 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने 22,000 भाडं सोडलं, तर सेस न धरता त्यातले 3,000 च्या वर करातच वाचतात. दलालीचे 28,000 मात्र पूर्ण खिशातून जातात. जुनी करप्रणाली असो वा नवी, ही वजावट दोन्हीकडे आहे.

हे गणित एका ठिकाणी फसतं. भाडेकरूला वर्षाच्या मध्येच जायचं असेल, तर सूट देऊन बदलीचा खर्च वाचत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. म्हणून करार संपण्याच्या दोन महिने आधी मी घरी जाऊन बसते आणि सरळ विचारते: स्वतःच्या फ्लॅटचा ताबा कधी मिळतोय, मुलाची शाळा कुठली ठरली, बदलीचं काही आहे का. गेल्या वर्षी एकांनी सांगितलं, की त्यांना ताबा एप्रिलमध्ये मिळणार आहे. त्यांना मी अकरा महिन्यांऐवजी मेअखेरपर्यंतचा करार दिला, जुन्याच भाड्यात, एका अटीवर: शेवटचा महिनाभर एजंटने फोन करून माणसं आणली तर घर दाखवू द्यायचं. सामान असलेलं, वावरतं घर बघून नव्या कुटुंबाने मे महिन्यातच टोकन दिलं. रंग त्या वेळी दोनच वर्षांचा होता, म्हणून फक्त हॉलची एक भिंत मारून घेतली. जुने 31 मेला गेले, नवे 9 जूनला आले. रिकामे दिवस आठ.

त्या जोडप्याला मी नंतर एकदा फोन केला होता. ती आता पुन्हा कामाला लागली आहे. वारज्यातलं घर ठीक आहे म्हणाले, फक्त पाणी दिवसाआड येतं. आमच्याकडे ते रोज येत होतं.