दहा ग्रॅम कुठे गेले?

फणसवाडीतून निघून काळबादेवी ओलांडली की चालत लोहार चाळीत पोचता येतं. वायर, स्विच, होल्डर, केबल टाय असल्या विजेच्या मालाचा हा घाऊक बाजार. खाली दुकान, वर पोटमाळ्यावर ऑफिस आणि त्या ऑफिसात एका टेबलावर परदेशातल्या कारखानदारांचे मेल येत असतात. त्या टेबलावरच्या माणसाला जाहिरातीत कधी ‘इम्पोर्ट असिस्टंट’ म्हणतात, कधी ‘पर्चेस एक्झिक्युटिव्ह’. बी.कॉम. झालेल्या मुलीला अशी नोकरी चालून आली की घरचे हमखास विचारतात, “म्हणजे कारकुनीच ना?” त्यातल्या एकाच कामाकडे नीट बघू या, भाव कमी करून मागणाऱ्या मेलकडे. मग कारकुनी आहे की नाही, ते पालकांनीच ठरवावं.

उदाहरणाला नायलॉनचा केबल टाय घेऊ. २०० मिमी लांब, ४.८ मिमी रुंद, १०० नगांची पिशवी. पुरवठादार चीनमधल्या निंगबो बंदराजवळचा. आकडे हिशेब समजण्यापुरते घेतले आहेत, बाजारात ते रोज हलतात.

पहिल्या मेलमध्ये भाव पाडून मागायचा नसतो. आधी पूर्ण कोटेशन मागायचं. मटेरियल कोणतं (नायलॉन ६६ असेल तर तसं स्पष्ट), प्रत्यक्ष रुंदी किती, १०० नगांचं निव्वळ वजन किती, टाय किती किलोचा ताण सोसतो, पैसे कधी द्यायचे आणि भाव किती दिवस कायम राहणार. भाव ‘एफओबी निंगबो’ मागावा, म्हणजे माल तिथल्या जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्याचा. न्हावाशेवापर्यंतच्या भाड्या-विम्यासकट, म्हणजे ‘सीआयएफ’ भाव ऐकायला सोयीचा वाटतो. पण माल थोडा असून दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून येणार असेल, तर तिकडे स्वस्त दाखवलेलं भाडं इकडे न्हावाशेवाला स्थानिक खर्चाच्या बिलातून वसूल होतं. दोन पुरवठादारांची तुलना म्हणूनच एफओबीवर करायची.

याच मेलमध्ये आणखी एक गोष्ट मागायची आणि नवशिके नेमकी तीच विसरतात. तीन वेगवेगळ्या संख्यांचे भाव. समजा उत्तर आलं : ५,००० पिशव्यांना ६६ सेंट, २०,०००ला ६२, ५०,०००ला ५७. आपल्याला २०,०००च हव्यात. तरीही ५७ सेंटला विकून कारखाना टिकतो, हे त्याने स्वतःच लिहून दिलं आहे. आता मागणी ५७च्या आसपास ठेवता येते आणि ती उद्धट वाटत नाही.

खालची मर्यादाही काढून ठेवावी. ४.८ मिमीच्या १०० टायचं वजन साधारण १२० ग्रॅम भरतं. कच्चं नायलॉन किलोला ३ डॉलर धरलं, तर पिशवीत नुसता माल ३६ सेंटांचा. त्यावर साचा, वीज, मजुरी, पिशवी, खोकं, बंदरापर्यंतचा ट्रक आणि त्याचा नफा. अशा वेळी “दुसरा ४० सेंटला देतोय” असं ठोकून दिलं, तर समोरच्या विक्री प्रतिनिधीला थाप लगेच कळते. पुढचे सगळे मेल ती मग त्याच नजरेने वाचते.

कोटेशनबरोबर मागवलेले नमुने तपासून झाले की मुख्य मेल. तो जाईल इंग्रजीत, मजकूर मात्र असा :

“नमस्कार. नमुने सोमवारी मिळाले. पाचही टायने आमच्याकडे २२ किलोचा ताण घेतला, दात कुठेही घसरले नाहीत. नमुने लगेच पाठवल्याबद्दल आभार. तुमच्या ५ तारखेच्या कोटेशनवर आम्हाला पुढे जायचं आहे. २०,००० पिशव्यांना तुम्ही ६२ सेंट दिला आहे. आम्हाला तो ५६ सेंट, एफओबी निंगबो, असा हवा आहे. त्यासाठी आम्ही तीन गोष्टी करू शकतो. सगळा माल काळ्या रंगात घेऊ. छापील पिशवीऐवजी साधी पिशवी आणि तिच्यावर एक स्टिकर चालेल. माल ३० ऐवजी ४५ दिवसांत दिलात तरी चालेल. मटेरियल, ४.८ मिमी रुंदी आणि १०० नगांचं किमान ११८ ग्रॅम वजन यात मात्र बदल नको. ५६ जमत नसेल तर कोणत्या खर्चापाशी अडतं ते कळवा, आम्ही आमच्या बाजूने बघू. शुक्रवारपर्यंत उत्तर आलं तर ऑर्डर याच महिन्यात देता येईल.”

यात ‘तुमचा भाव फार जास्त आहे’ हे वाक्य कुठेही नाही. त्या वाक्याला समोरचा एकच उत्तर देऊ शकतो, “आमची क्वालिटी चांगली आहे.” तिथे बोलणं खुंटतं. इथे त्याच्या हातात तीन वस्तू दिल्या आहेत आणि तिन्हींनी त्याचा खर्च खरोखर घटतो. रंग बदलताना यंत्र साफ करावं लागतं, त्यात वेळ आणि माल दोन्ही वाया जातात. छापील पिशवी वेगळी मागवावी लागते. आणि मुदत लांबली की आपला माल तो दुसऱ्या मोठ्या ऑर्डरच्या मागोमाग त्याच यंत्रावर काढू शकतो. ‘पुढे खूप ऑर्डर देऊ’ हे आश्वासन मात्र मी मुद्दाम घातलेलं नाही. मुंबईहून जाणाऱ्या बहुतेक मेलांत ते असतं आणि त्याची किंमत तिकडे सगळ्यांना ठाऊक असते. सहा महिन्यांत आणखी २०,००० घेणार असं शेठजींनी खरंच कबूल केलं असेल, तरच तो आकडा लिहावा.

स्टिकरबद्दल एक सावधगिरी. ‘पिशवी अगदी कोरी पाठवा, आम्ही इथे लेबल लावू’ असं लिहायचा मोह होतो. पण किरकोळ विक्रीच्या आयात पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, नगांची संख्या, एमआरपी वगैरे मजकूर कायद्याने लागतो आणि तोही कस्टम्समधून माल सुटण्याआधी. कोऱ्या पिशव्या न्हावाशेवाला अडकल्या की वाचवलेले पैसे गोदामभाड्यात जातात. स्टिकर कारखान्यातच लावून घेतलेला बरा.

समजा उत्तर आलं : ६० सेंट, याखाली शक्य नाही. बहुतेक जण इथे ५६ आणि ६०च्या मधोमध ५८ लिहून मोकळे होतात. भाजीच्या गाडीवर ते ठीक आहे. इथे त्यापेक्षा प्रश्न विचारावा, “६०मध्ये तिन्ही बदल धरले आहेत का? प्रत्येकाचे किती सेंट कमी केले?” असं विचारलं की बऱ्याचदा एखादा बदल हिशेबात धरलेलाच नव्हता असं निघतं. मुदत धरली नव्हती असं कळलं आणि भाव ५८वर आला, तर तिथे थांबावं. आणखी २ सेंटांसाठी चौथा मेल लिहू नये, असं माझं मत. पुढच्या वर्षी माल खराब निघाला, तर याच बाईला रात्री फोन करायचा आहे.

५८ सेंटने काय साधलं? पिशवीमागे ४ सेंट, २०,००० पिशव्यांवर ८०० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ६८,००० रुपये. त्याशिवाय सीमाशुल्कही कमी किमतीवर लागतं. मूळ शुल्क १५ टक्के आणि त्या शुल्कावर १० टक्के अधिभार धरला तर एकूण १६.५ टक्के, म्हणजे आणखी ११,२२० रुपये. जीएसटी वेगळा, त्याची वजावट मिळते. तीन मेलांत पेढीचे जवळपास ७९,००० रुपये वाचले.

पण भाव उतरला की माल उतरवायची सोय समोरच्याकडेही असते. वजनाचं वाक्य मेलमध्ये ठळकपणे घातलं ते त्यासाठी. बाजारात २०० मिमीचा टाय म्हणून विकला जाणारा सगळाच माल ४.८ मिमीचा नसतो, ४.४चाही असतो आणि त्याहून अरुंदही. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. रुंदी ४.४ झाली की पिशवी साधारण १० ग्रॅमने हलकी होते आणि ३ डॉलर किलोच्या हिशेबाने त्याचे ३ सेंट वाचतात. म्हणजे तुम्ही मिळवलेल्या ४ सेंटांतले ३ त्याने तुमच्याच मालातून काढून घेतले. दुसरी युक्ती पुनर्वापराच्या नायलॉनची. तो टाय वजनाला बरोबर भरतो, पण ओढून बांधताना काडीसारखा तुटतो. नमुन्यात असं काही दिसणार नाही, कारण नमुना निवडून पाठवलेला असतो. म्हणून रुंदी, वजन, मटेरियल आणि २२ किलोचा ताण हे सगळं प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर यायला हवं. बाकीचे पैसे द्यायच्या आधी तयार खोक्यांतून आपण सांगू त्या पिशव्या काढून काट्यावर ठेवलेले फोटो मागवावेत.

पैशांची नेहमीची रीत ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के जहाजाच्या बिल्टीची प्रत आल्यावर. जास्त आगाऊ रक्कम देऊ केली तर भाव आणखी उतरतो, हे खरं. नव्या पुरवठादाराशी ते करू नये. आणि पैसे पाठवायच्या सुमारास ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल आला, तर त्याच मेलला उत्तर देऊन खात्री करायची नाही. आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन लावायचा. अशा बोलण्यांच्या मध्येच कुणीतरी मेलपेटीत घुसून खाते क्रमांक बदलतं आणि गेलेले पैसे परत आणणं फार कठीण असतं.

पालकांची मोठी काळजी इंग्रजीची असते, विशेषतः मूल मराठी माध्यमातलं असेल तर. इथे ती थोडी सैल सोडावी. निंगबोची विक्री प्रतिनिधीही इंग्रजी शिकूनच वाचते आहे. तिला दहा शब्दांची वाक्यं आवडतात आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक हवं असतं. ‘काइंडली डू द नीडफुल’ तिला कळत नाही, खरं तर ते कुणालाच कळत नाही. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं, म्हणून मेल सकाळी ऑफिसात शिरल्या शिरल्या पाठवावा. १ ऑक्टोबरनंतरचा आठवडा आणि चिनी नववर्षाचे दिवस गप्पच जातात. तेव्हा आठवण करून देणारे मेल टाकून चिडचिड दाखवू नये.

इंग्रजीपेक्षा जास्त अडतं ते एक्सेलवाचून आणि इन्कोटर्म्स २०२० या अकरा व्यापारी अटींवाचून. एफओबी आणि सीआयएफ त्यातल्याच. कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये परदेशी व्यापाराचे अभ्यासक्रम चालतात आणि खरेदीचं शिक्षण देणाऱ्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचं मुख्यालय बेलापूरला आहे. पण फी भरायच्या आधी मुलीला हे काम आवडतं का, ते एका दुपारी कळू शकतं. लोहार चाळीतून २०० मिमी टायच्या वेगवेगळ्या छापाच्या दोन पिशव्या आणा. घरच्या काट्यावर तोला, नग मोजा, कुणाकडे व्हर्नियर असेल तर रुंदी बघा. मग स्वस्त पिशवी का स्वस्त आहे ते तिने पाच ओळींत लिहावं आणि महाग पिशवीच्या कारखानदाराला भाव उतरवण्याचा मेल लिहावा. आकडा, कारण आणि तारखेसकट.