घर विकलं गेलं, आम्ही तिथेच राहिलो

स्टेट कॉलेजमध्ये अ‍ॅथर्टन स्ट्रीटजवळच्या एका भाड्याच्या घरात आम्ही दोन वर्षं काढली. दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात घरमालकांचा फोन आला: घर विकलंय, १४ तारखेला व्यवहार पूर्ण होतोय. करार जुलैअखेरपर्यंतचा होता. त्या रात्री मी खोकी कुठून आणायची याचा विचार करत जागी होते.

१. करार घराला चिकटलेला असतो, मालकाला नाही.
माझी भीती पुण्यातून आलेली होती. तिथे आपण बहुतेकदा 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहतो, आणि तो फक्त वापराचा परवाना असतो. भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे जागा विकली गेली की नवा मालक त्या परवान्याला बांधील राहत नाही. इथे पेनसिल्व्हेनियात आमचा होता 'लीज', म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी घरावरचा हक्कच. घेणारा घर घेतो ते आत राहणाऱ्या भाडेकरूसकट, त्याच भाड्याला आणि त्याच मुदतीला. अपवाद एकच, पण मोठा: विक्री झाल्यास करार संपेल असं कलम करारातच असलं, तर तेच लागू होतं. म्हणून मी सकाळी उठून करारातला 'सेल' हा शब्द शोधत बसले. तसं कलम नव्हतं, आणि मग कुठे चहा घशाखाली उतरला.

२. भाडं कोणाला द्यायचं, हे कागद पाहून ठरवा.
आठवड्याभरात एका कंपनीचं पत्र दारात पडलं: आता आम्ही मालक, यापुढे भाडं या खात्यात भरा. असं पत्र कुणीही छापू शकतो. मी जुन्या मालकांकडून लेखी मागितलं. शिवाय बेलफाँटला सेंटर काउंटीच्या रेकॉर्डर ऑफ डीड्सकडे खरेदीखत नोंदवलं गेलंय का तेही पाहिलं. दोन्हीकडे तेच नाव निघालं, तेव्हा डिसेंबरचं भाडं नव्या खात्यात गेलं.

त्यांनी नोव्हेंबरचे उरलेले दिवसही माझ्याकडे मागितले. भाडं १,८०० डॉलर, म्हणजे रोजचे ६०. १४ ते ३० तारखेचे १७ दिवस, १,०२० डॉलर. पण अख्ख्या महिन्याचं भाडं मी १ तारखेलाच जुन्या मालकांना दिलेलं होतं. विक्रीच्या दिवशी अशा रकमेचा हिशेब विकणारा आणि घेणारा आपसात करतात. मी बँकेतली नोंद पाठवली आणि तसं लिहिलं. मागणी पुन्हा आली नाही.

३. सहीसाठी येणारा एक कागद फार जपून वाचा.
त्याला एस्टॉपेल सर्टिफिकेट म्हणतात. भाडं किती, मुदत कधीपर्यंत, अनामत किती, मालकाशी आणखी काही ठरलंय का, हे भाडेकरूने त्यात सांगायचं असतं, आणि घेणारा त्यावर विसंबून घर घेतो. सही केली की पुढे 'तसं नव्हतं' म्हणणं फार अवघड जातं. माझ्या कागदावर अनामतीचा रकाना कोरा होता. घाईत सही केली असती, तर माझी काही अनामतच नाही असा त्याचा अर्थ निघाला असता. मी तिथे १,८०० डॉलर लिहिलं, आणि खालच्या मोकळ्या जागेत गॅरेजची अर्धी बाजू आमच्या वापरात असल्याचंही. ते तोंडीच ठरलेलं होतं. कागदावर नसतं, तर नव्या माणसाने ते कशाला मानलं असतं?

४. अनामत कोणाकडे गेली, हे दोघांकडूनही लिहून घ्या.
जुने म्हणतात 'दिली', नवे म्हणतात 'मिळाली नाही', आणि भाडेकरू मधल्यामध्ये. मी दोघांना एकच ईमेल पाठवला: रक्कम इतकी, ती आता कोणाकडे आहे? दोघांचीही उत्तरं आली.

५. हे संरक्षण मुदतीपुरतंच.
आमच्यासारख्या वर्षाच्या करारात मुदत संपताना नवा मालक १५ दिवसांची नोटीस देऊन घर मागू शकतो, आणि करारात भाडेकरूने नोटिशीचा हक्क सोडला असेल तर तेवढीही लागत नाही. भाडेवाढीवर राज्यात मर्यादा नाही. जुन्या मालकांनी 'पुढच्या वर्षीही याच भाड्यात राहा' असं म्हटलं होतं. तो शब्द त्यांच्याबरोबर गेला. नव्यांनी भाडं वाढवलं, म्हणून आम्ही निघालो.

निघताना नवा पत्ता लेखी दिला. तो दिला, की ३० दिवसांत कापलेल्या रकमेच्या यादीसह अनामत परत करणं मालकावर बंधनकारक असतं. यादीच दिली नाही, तर नुकसानापोटी काही कापण्याचा हक्क जातो. बाविसाव्या दिवशी चेक आला: १,७३५ डॉलर, आणि सोबत एका ओळीची यादी, खिडकीची जाळी ६५.