दाखल्याचा अर्ज वेगळा, पैशाचा अर्ज वेगळा

बाळा, सुप्याहून चाकणला बदली झाली म्हणालास, ते बरंच झालं. पोराचं सहावीचं वर्ष मध्येच तोडावं लागतंय, त्याला इलाज नाही. पण दाखला आणायला जाण्याआधी आत्याचं ऐकून जा. शाळेच्या कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला माझा जन्म गेला. दाखल्याच्या घाईत पालक आपले पैसे कसे सोडून जातात, ते मी रोज बघत होते.

पालक येतो तेव्हा त्याला दाखल्याची घाई असते, आणि ते कचेरीला ठाऊक असतं. म्हणून एकाच कागदावर ‘दाखला द्यावा व अनामत परत करावी’ असं लिहू नकोस. तो कागद दाखल्याच्या फायलीला लागतो, दाखला दिला की फाईल बंद होते आणि अनामतीची ओळ तिच्यातच मिटते. दोन अर्ज कर, दोन्हींची आवक वेगळी नोंदव. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घे. बाबूने ‘मोठ्या सरांना विचारून मारतो’ म्हटलं, तर बाकावर बसून राहा. शिक्का नाहीच मिळाला तर तोच अर्ज पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह मुख्याध्यापकांच्या नावे टाक.

अर्ज करण्याआधी घरातल्या सगळ्या पावत्या टेबलावर मांड. हे काम कंटाळवाणं आहे, पण तुझे पैसे त्यातूनच मोजले जातील. पावतीवर एकूण रक्कम बघू नकोस, शीर्षक बघ. ‘अनामत’, ‘ग्रंथालय ठेव’, ‘प्रयोगशाळा ठेव’ असं लिहिलेलं असेल ते पैसे शाळेचे नाहीत, ते तुझे आहेत आणि शाळेने सांभाळायला घेतलेत. हिशेबाच्या वहीत ते उत्पन्नात नाही, देण्यात दिसतात. त्यातून फक्त हरवलेलं पुस्तक किंवा तुटलेली वस्तू वजा होऊ शकते, आणि तीही काय आणि किती ते सांगून. ‘प्रवेश शुल्क’ लिहिलेलं असेल ते गेलं, त्याच्या मागे लागू नकोस. आणि ‘इमारत निधी’ किंवा ‘देणगी’ अशी पावती असेल तर तो वेगळा वाद आहे. त्याला या अर्जात ओढलंस तर सरळ मिळणारे पैसेही अडकतील.

तुझंच उदाहरण घेऊ. फोनवर तू सांगितलेल्या आकड्यांवरून मी मोजून ठेवलंय. प्रवेशाच्या वेळी अनामत ३,००० आणि ग्रंथालय ठेव ५०० भरलीस. दुसऱ्या सत्राचे १८,००० सवलत मिळते म्हणून सप्टेंबरातच भरलेस. त्यात शिकवणी शुल्क १५,०००, परीक्षा १,०००, उपक्रम व साहित्य २,०००. बसचे महिना १,२०० प्रमाणे डिसेंबरपर्यंतचे दिलेस. पोरगं दिवाळीच्या सुट्टीआधी, ३१ ऑक्टोबरला शाळा सोडणार.

आता दुसऱ्या सत्रातलं शिकवणी शुल्क नोव्हेंबर ते मार्च, पाच महिन्यांचं, म्हणजे महिन्याला ३,०००. एकही दिवस शिकवलेलं नाही, म्हणून १५,००० परत माग. परीक्षा होणारच नाही, म्हणून १,०००. बसचे नोव्हेंबर आणि डिसेंबर मिळून २,४००. अनामत आणि ठेव ३,५००, त्यातून मराठीचं एक पुस्तक हरवलंय म्हणालास, त्याचे १८० वजा जाऊन ३,३२०. एकूण २१,७२०. साहित्याचे २,००० मात्र मागू नकोस. वह्या, ड्रॉइंगचं सामान पैसे भरले की लगेच वाटलं जातं, ते पोराने घरी आणलं असेल तर तू हरशील आणि बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही जाईल. सामान मिळालंच नसेल तर खुशाल माग.

अर्ज फार लांब लिहू नकोस. एवढंच पुरे: ‘माझा पाल्य इयत्ता सहावी, तुकडी अमुक, जनरल रजिस्टर क्रमांक अमुक, दि. ३१ ऑक्टोबर रोजी शाळा सोडत आहे. पुढील सत्रासाठी आगाऊ भरलेले शुल्क व अनामत, सोबतच्या तक्त्याप्रमाणे एकूण रुपये २१,७२०, पालकाच्या बँक खात्यात जमा करावेत. पावत्यांच्या प्रती जोडल्या आहेत. नामंजूर होणाऱ्या रकमेचे कारण लेखी कळवावे.’ शेवटचं वाक्य सोडू नकोस. ‘बघू’ म्हणणाऱ्या माणसाला लेखी ‘नाही’ म्हणायला सांगितलं की तो बरेचदा ‘हो’ म्हणतो. मूळ पावत्या देऊ नकोस, झेरॉक्स दे, मूळ दाखव.

प्रवेश अर्जाच्या मागची बारीक अक्षरं वाच. खाजगी स्वयंअर्थसहाय्यित शाळा बहुधा तिथे एक महिन्याची आगाऊ सूचना मागतात, नाहीतर एका महिन्याचं शुल्क कापतात. तुझ्या अर्जावरही तसं आहे असं समज. तर सूचना सप्टेंबरअखेर द्यायला हवी. ती २० ऑक्टोबरला दिलीस तर ३,००० हातचे जातील आणि त्यात शाळेची चूक धरता येणार नाही. सूचना म्हणजे वर्गशिक्षिकेला तोंडी सांगणं नव्हे, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं तर नव्हेच.

एक गोष्ट मात्र अर्ध्याअधिक लोकांना ठाऊक नसते. दाखल्यावर ‘शाळा सोडल्याची तारीख’ असा रकाना असतो, आणि त्याखाली दाखला दिल्याची तारीख वेगळी असते. लिहिणारा कधी घाईत दोन्हीकडे एकच तारीख टाकतो. तू दाखला २० नोव्हेंबरला आणायला गेलास आणि सोडल्याची तारीखही २० नोव्हेंबर पडली, तर शाळेच्या रजिस्टरात तुझं पोरगं २० नोव्हेंबरपर्यंत वर्गात बसलं. मग नोव्हेंबरचं शिकवणी शुल्क मागशील कशाच्या आधारावर? म्हणून दाखला हातात पडला की आधी तो रकाना बघ, मगच जन्मतारीख आणि नावाची अक्षरं. चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करून सही-शिक्का घे. नंतर दुसरी प्रत मागायची म्हटली तर प्रतिज्ञापत्राचं लटांबर मागे लागतं.

पैसे देण्याआधी एका व्हाउचरवर सही मागतील. रक्कम ५,००० च्या वर असली तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, ते खिशात ठेव, तेवढ्यावरून खेप वाया जाते. व्हाउचर वाचून सही कर. ‘माझे शाळेकडे काहीही येणे बाकी नाही’ असं छापलेलं असतं. ३,३२० मिळत असतील आणि १८,४०० अडकलेले असतील, तर त्या ओळीवर रेघ मारून ‘फक्त अनामत व ठेव यापोटी’ असं लिही. ते मान्य नसेल तर सही करू नकोस, पैसे कुठे पळत नाहीत.

आता दाखलाच अडवला तर? फी बाकी असो वा नसो, दाखला ही पैशाची तारण वस्तू नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात पहिली ते आठवीच्या मुलासाठी लिहिलंय की सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्याला मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. तू पोराला चाकणला विनाअनुदानित शाळेत टाकणार असशील तर हे कलम जसंच्या तसं लागू होत नाही, हे आधी ध्यानात धर. ऑनलाइन नोंदही जुन्या शाळेने मोकळी करावी लागते, नाहीतर नवी शाळा नाव चढवायला अडते. ते झालं का, हे कचेरीत विचारून ये. हे सगळं पैशाच्या प्रश्नाशी जोडू नकोस. ‘पैसे द्या नाहीतर दाखला नको’ असं तू म्हणायचं नाही, आणि ‘पैसे सोडा मग दाखला’ हे त्यांनी म्हणायचं नाही.

मुख्याध्यापक म्हणतील, ‘माझ्या हातात नाही, संस्थेला कळवतो.’ यात बहाणा असेलच असं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक शाळांची संस्था दुसऱ्या गावी बसते, रयतची तर साताऱ्याला. धनादेशावर सह्या तिथल्या. म्हणून अर्जाची एक प्रत संस्थेच्या सचिवांनाही पाठव. आणि मार्चच्या आत काम करून घे. ताळेबंद बंद झाला की जुनी अनामत शोधायला कोणी वही उघडत नाही, ‘मागच्या वर्षीचं खातं आहे’ म्हणतात.

महिना उलटूनही काहीच नाही, तर स्मरणपत्र दे. त्यानंतर पारनेरच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार, मग अहिल्यानगर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. पाचवी ते आठवी माध्यमिक शाळेत असेल तर माध्यमिक विभाग, नाहीतर प्राथमिक. त्यांच्यावर पुण्याचे विभागीय शिक्षण उपसंचालक, कारण नगर, पुणे आणि सोलापूर हा एकच विभाग. या साहेबांच्या हातात तुझे पैसे वसूल करून देणारी न्यायालयाची ताकद नाही. पण त्यांचं पत्र आलं की शाळेला उत्तर द्यावं लागतं आणि बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात.

राज्याचा २०११ चा शुल्क नियमन कायदा मुख्यतः फी किती घ्यावी यासाठी आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायला एकूण पालकांच्या २५ टक्के लोकांची साथ लागते, तुझ्या एकट्याच्या परताव्यासाठी ते दार मोठं पडतं. पदवीच्या कॉलेजांना लागू असलेला यूजीसीचा परताव्याचा तक्ताही शाळेला लागू नाही, तो दाखवू नकोस. आगाऊ फीबद्दल सरकारने लेखी काही सांगितलं ते करोनाच्या काळात: १२ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयात फीत १५ टक्के कपात सांगितली आणि आधी भरलेली जास्तीची रक्कम पुढे वळती करावी किंवा परत द्यावी असं म्हटलं. ते त्या वर्षापुरतंच होतं, तरी नको तेव्हा घेतलेली फी परत देता येते हे दाखवायला उपयोगी पडतं.

ग्राहक आयोगाचा सल्ला कोणी देईल. शिक्षणसंस्था ‘सेवा’ देते की नाही यावर निकाल दोन्ही बाजूंनी आहेत, म्हणून तिथे वेळ घालवण्याआधी वकिलाला विचार. २१,७२० साठी वकिलाची एक नोटीस परवडते, दिवाणी दावा परवडेलच असं नाही, आणि तो करायचा तर साधारण तीन वर्षांच्या आत.

शिक्षण हक्काच्या २५ टक्क्यांतून प्रवेश असता तर यातलं शिकवणी शुल्क भरायला नको होतं. तुझं तसं नाही, म्हणून हा व्याप. पावत्या शोध. ग्रंथालय ठेवीची पावती न सापडली तर शाळेकडे स्थळप्रत असते. तुझ्याकडच्या दुसऱ्या पावतीवरची तारीख आणि क्रमांक सांगितलास की बाबूला शेजारचं पान काढायला पाच मिनिटं लागत नाहीत, फक्त सकाळी जा, दुपारी तो डब्यावर असतो.