रात्री तीच फजिती पुन्हा पुन्हा का आठवते?

समजा, बोईसरच्या वस्तीतल्या एका ताईंना रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथे शील आठवले नाही. मागून कोणीतरी हसले. गोष्ट दहा सेकंदांची, पण रात्री दिवा मालवला की पुन्हा सुरू होते. दिवसा तारापूरच्या कारखान्यात हात आणि लक्ष दोन्ही कामात असतात. अंथरुणात लक्षाला काम उरत नाही, आणि लाज वाटलेला प्रसंग मन सहज सोडत नाही.

“आठवायचे नाही” असे बजावले तर तो आणखी वर येतो, कारण विसरलो की नाही हे तपासायलाही तोच आठवावा लागतो. मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात सुताराची उपमा आहे: जाड खुंटी तो बारीक खुंटी ठोकून बाहेर काढतो. विचार ढकलू नये, त्याच्या जागी दुसरा ठेवावा.

ताईंनी संध्याकाळीच वहीत दोन ओळी लिहाव्यात: काय झाले, आणि पुढच्या रविवारी वंदनेचे पुस्तक हातात धरायचे. मग अंथरुणात बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे अशी स्टेशने सावकाश डोळ्यांसमोर आणावीत. फलाट, गर्दी, पाटी सगळे. मन परत विहारात गेले तर न चिडता पुन्हा बोईसरपासून. वीसेक मिनिटांत झोप आली नाही (घड्याळ बघत बसू नये), तर उठून मंद उजेडात दाराशी बसावे, मोबाईल न घेता. झोप आली की आत.

दोन-तीन आठवडे झोप मोडतच राहिली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांना भेटावे. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो.